चेंबर दीडशे टनांचं, पण क्रेट किती बसतील?

प्रश्न: शीतगृहाचं चेंबर आतून ४० फूट बाय २५ फूट आहे, उंची १८ फूट. ठेकेदार म्हणतो दीडशे टन बटाटा बसेल. मला पोती नाही, क्रेट वापरायचे आहेत (५४० × ३६० × २९० मि.मी.चे), मध्ये एक लोखंडी माळा टाकून हमालांकडून थप्प्या मारून घेणार. खरंच दीडशे बसेल का? आणि कांदा ठेवला तर तेवढाच बसेल का?

उत्तर:

तुम्ही सांगितलेल्या मांडणीत बटाटा साधारण ८४ टन बसेल, कांदा ७४ टनांच्या आसपास. ठेकेदार मात्र तुम्हाला फसवत नाहीये. त्याचा आकडा कुठून आला ते आधी बघू, म्हणजे पुढचा हिशोब पटेल.

४० × २५ × १८ म्हणजे १८,००० घनफूट. राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या निकषात एक टन क्षमतेला चेंबरचं ३.४ घनमीटर आकारमान धरतात, म्हणजे साधारण १२० घनफूट. १८,००० ला १२० ने भागलं की बरोबर १५० येतात. प्रकल्प अहवालात आणि अनुदानाच्या अर्जात हाच आकडा चालतो, तिथे तो तसाच राहू द्या. पण हा ठोकताळा आहे. आत माल पोत्यात आहे की क्रेटमध्ये, वाट किती रुंद, कूलर किती खाली लटकतोय, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. पोतं पोत्याला चिकटून बसतं. क्रेटला भिंती असतात, वर रिकामी जागा सोडावी लागते, आणि तो दाबून बसत नाही. म्हणून क्रेटचं चेंबर घनमीटरवर मोजू नये, थप्प्या मोजाव्यात. जमिनीवर किती थप्प्या उभ्या राहतात, एका थप्पीत किती क्रेट, एका क्रेटमध्ये किती किलो, हे तीन आकडे खरे काढले की टन आपोआप निघतात.

सुरुवात क्रेटपासून करू. तुमच्या क्रेटचं बाहेरचं माप ५४० × ३६० × २९०. आतलं माप साधारण ५०५ × ३२५ धरा, कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. उंचीत काठोकाठ भरायचं नाही, वरून बोटभर, म्हणजे २५ मि.मी. रिकामं ठेवायचं. उरलेल्या जागेत सुमारे ४१ लिटर मावतं. बटाट्याचा ढीग घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरतो, पण क्रेटच्या कडांना पोकळ्या राहतात, म्हणून मी हाती २५ किलो धरतो. बटाटा मोठा, एकसारखा असेल तर एखादा किलो कमी, गोळी माल असेल तर एखादा जास्त. नेमका आकडा हवा असेल तर तुमच्याच मालाचे दहा क्रेट भरून काट्यावर घाला, रिकाम्या क्रेटचं वजन (साधारण १.८ किलो) वजा करा आणि सरासरी काढा. कॅटलॉगवर ‘वीस किलोचा क्रेट’ लिहिलंय म्हणून वीस धरू नका, आणि हमाल काठावर शीग लावून तीस भरतो म्हणून तीसही धरू नका. शीग लागली की वरच्या क्रेटचा भार खालच्या क्रेटच्या भिंतींऐवजी बटाट्यावर येतो. दोन महिन्यांनी क्रेट उघडला की वरच्या थरातल्या बटाट्यांना चपटे, काळपट डाग दिसतात. थप्पी एका बाजूला कलायला लागते तीही बहुतेक याच कारणाने.

आता जमीन. मी मिलिमीटरमध्ये येतो, कारण क्रेटचा हिशोब फुटात केला की दोन-दोन इंच कुठे गेले ते कळत नाही. तुमचं चेंबर १२,२०० लांब, ७,६०० रुंद, ५,५०० उंच. दरवाजा एका आखूड भिंतीला आणि कूलर समोरच्या आखूड भिंतीला वर, असं धरतो. लहान चेंबरमध्ये बहुतेक असंच असतं. तुमच्याकडे कूलर लांब भिंतीला असेल तर थप्प्यांची दिशा फिरवावी लागेल आणि आकडे थोडे बदलतील.

रुंदीत दोन्ही भिंतींपासून २०० मि.मी. सोडा. ही जागा वाया जात नाही. भिंतीतून येणारी उष्णता क्रेटपर्यंत पोचण्याआधी हवेने उचलून नेली पाहिजे, ती इथूनच जाते. मधोमध १,२०० ची वाट, म्हणजे भरलेली ढकलगाडी एका बाजूने आणि माणूस दुसऱ्या बाजूने निघतो. राहिले दोन्ही बाजूंना ३,०००-३,०००. क्रेटची ५४० ची बाजू रुंदीकडे ठेवली तर पाच रांगा बसतात, त्यांचे २,७०० झाले. रांगांमधल्या चार फटींना प्रत्येकी ७५ मिळतात. या फटी चेंबरच्या लांबीला समांतर आहेत, म्हणजे कूलरची हवा ज्या दिशेने वाहते त्याच दिशेला. हेच महत्त्वाचं आहे. फट आडवी गेली तर हवा थप्पीच्या तोंडाशी अडते आणि आतला माल गरम राहतो.

लांबीत कूलरच्या भिंतीपासून ३०० सोडा, दरवाज्याच्या बाजूला १,५००. या दीड मीटरमध्येच माळ्याचा जिना आणि क्रेट वर चढवायची जागा घ्या, म्हणजे ती थप्प्यांची जागा खाणार नाही. उरले १०,४००. त्यातून अर्ध्या वाटेवर ८०० ची एक आडवी वाट काढा. राहिले ९,६००. क्रेटची बाजू ३६० आणि शेजारच्या क्रेटपासून २० ची फट, मिळून ३८०. एका रांगेत २५ क्रेट बसतात, आडव्या वाटेच्या एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १३.

दोन्ही बाजू मिळून दहा रांगा, प्रत्येकीत २५, म्हणजे जमिनीवर २५० थप्प्या. आता माळ्याचे खांब वजा करा. खांब १५० मि.मी.चा असेल तर तो ७५ च्या फटीत मावत नाही, प्रत्येक खांब एक थप्पी खातो. दहा खांब धरले तर २४० थप्प्या उरल्या. माळा टाकायच्या आधीच थप्प्यांचा नकाशा फॅब्रिकेटरला दिलात आणि खांब आडव्या वाटेच्या कडेला किंवा भिंतीलगत सरकवून घेतलेत तर यातल्या काही थप्प्या परत मिळतात. उलट बहुतेक ठिकाणी आधी माळा होतो, मग क्रेट येतात, आणि मग खांब नेमके थप्पीच्या मध्यात सापडतात.

इथे एक गोष्ट नीट बघा. वाट १,२०० ऐवजी ९०० केली तर काय मिळेल? काहीच नाही. दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे मिलिमीटर मिळतील आणि एका रांगेला फटीसकट ६१५ लागतात. अर्धा क्रेट ठेवता येत नाही. वाट अरुंद करून गाडी अडकवायची आणि मालही वाढत नाही, हा सगळ्यात जास्त दिसणारा चुकीचा सौदा आहे. आडव्या वाटेचं वेगळं. ती काढून टाकली तर प्रत्येक रांगेत दोन थप्प्या वाढतात, सगळे मिळून २८० क्रेट, म्हणजे ७ टन. मोह होतो. पण मग पाच थप्प्या खोल आणि दहा मीटर लांब असा एकसंध ठोकळा तयार होतो. त्याच्या पोटात एक क्रेट सडायला लागला तर वास येईपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावर तिथे पोचायला शेकडो क्रेट हलवावे लागतात. मी ती वाट ठेवतो.

क्रेट फिरवून, म्हणजे ३६० ची बाजू रुंदीकडे करूनही मांडून बघा. तुमच्या चेंबरमध्ये तसं केल्यावर एका बाजूला सात रांगा आणि प्रत्येकीत १७, म्हणजे ११९ थप्प्या येतात. सरळ मांडणीत १२५ येतात. इथे सरळ मांडणी जिंकली. दुसऱ्या मापाच्या चेंबरमध्ये उलटही होईल, म्हणून दोन्ही मोजायचं.

आता उंची. क्रेट २९० उंच असला तरी एकात एक थोडा बसतो, म्हणून थप्पीत पहिल्यानंतरच्या प्रत्येक क्रेटमागे २८० च वाढतात. खाली १०० ची लाकडी किंवा प्लॅस्टिकची बैठक हवीच. क्रेट थेट फरशीवर ठेवला तर खालून हवा जात नाही आणि फरशी धुतल्यावर पाणी लागतं. सात क्रेटची थप्पी बैठकीसकट २,०७० होते. माळ्याची खालची कड २,४०० वर ठेवली तर थप्पीवर ३३० मोकळे राहतात. माळ्याची जाडी २०० धरा, म्हणजे वरचा मजला २,६०० वर सुरू होतो आणि वरची थप्पी ४,६७० ला संपते. छतापर्यंत ८३० उरले. कूलरची हवा याच पट्ट्यातून दरवाज्यापर्यंत फेकली जाते, म्हणून हा पट्टा मोकळा राहिलाच पाहिजे.

आठवा क्रेट चढवला तर? हिशोबात दोन्ही मजल्यांवर मिळून १२ टन वाढतात. पण खाली माळ्याखाली फक्त ५० मि.मी. राहतात, आणि वर थप्पी कूलरच्या तोंडात जाते. हमालाच्या बाजूनेही बघा. सातवा क्रेट ठेवताना त्याचा तळ जमिनीपासून १,७८० वर असतो, म्हणजे माणसाच्या डोक्याइतका. २५ किलो तिथवर नेणं हेच कठीण काम आहे, त्यासाठी पायाखाली भक्कम घोडी लागते. आठवा दोन मीटरच्या वर जातो, तिथे तो ठेवला जात नाही, ढकलला जातो. ढकललेला क्रेट सरळ बसत नाही. सात क्रेटच्या थप्पीत सगळ्यात खालच्या क्रेटवर सहा भरलेल्या क्रेटचं, म्हणजे साधारण १६० किलोचं ओझं असतं, आणि ते चार-सहा महिने सतत. क्रेटवाल्याकडून थप्पीचा भार किती चालतो हे लेखी घ्या. उन्हात पडून पांढुरके झालेले, कोपऱ्यात तडकलेले जुने क्रेट खालच्या तीन थरांत अजिबात लावू नका.

मग एकूण असं झालं: २४० थप्प्या, खाली सात आणि वर सात, म्हणजे ३,३६० क्रेट. गुणिले २५ किलो, ८४ टन. बँकेच्या परतफेडीचं आणि भाड्याच्या उत्पन्नाचं गणित याच आकड्यावर करा.

माळ्याबद्दल दोन गोष्टी. एका थप्पीचं वजन क्रेटसकट १८८ किलो आणि तिच्याखालची जागा ०.१९४ चौरस मीटर. म्हणजे थप्पीखाली चौरस मीटरला जवळपास ९७० किलो भार येतो. फॅब्रिकेटरला ‘साधा माळा’ सांगितलंत तर तो गोदामाच्या अंदाजाने हलका बनवेल. हा आकडा त्याला द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. दुसरं म्हणजे वरचा मजला फळ्यांचा किंवा चेकर्ड प्लेटचा नको, जाळीचा, म्हणजे ग्रेटिंगचा हवा. पत्रा टाकला की गार हवा वरच्या मजल्यावरच फिरते आणि खालचा मजला वेगळं, गरम चेंबर होऊन बसतो. हे ओळखायला बटाट्यात टोचायचा थर्मामीटर घ्या आणि चार ठिकाणी मोजा: वर कूलरजवळ, वर दरवाज्याजवळ, खाली मधल्या रांगेत, खाली कूलरच्या भिंतीशी. चेंबरचं तापमान स्थिर झाल्यावरही यात दीड-दोन अंशांपेक्षा जास्त फरक राहिला तर हवा कुठेतरी अडते आहे. भिंतीवरच्या डिस्प्लेवर विसंबू नका, तो हवेचं तापमान सांगतो, बटाट्याचं नाही. गरम कोपऱ्यातल्या बटाट्याला आधी कोंब येतात. कूलरच्या अगदी समोरच्या क्रेटवर पाण्याचे थेंब दिसले तर तिथली थप्पी एक क्रेटने कमी करा.

हमालांऐवजी पॅलेट आणि स्टॅकर वापरला तर माल भराभर आत-बाहेर होतो, पण क्षमता घटते. १,२०० × १,००० च्या पॅलेटवर तुमचे ५४० × ३६० चे क्रेट एका थरात पाचच बसतात, एका ओळीत तीन आणि दुसऱ्या ओळीत दोन, आणि पॅलेटचा जवळपास पाचवा हिस्सा मोकळा राहतो. खांबवाली, एकावर एक ठेवता येणारी पॅलेट, प्रत्येक बाजूला दोन खोल आणि लांबीत आठ लावली तर ३२ जागा होतात. दोन मजली आणि प्रत्येकी ३५ क्रेट धरले की २,२४० क्रेट, म्हणजे ५६ टन. ६०० × ४०० चा क्रेट याच पॅलेटवर पाचच, पण तंतोतंत बसतो, आणि त्यात तीस-बत्तीस किलो माल जातो. मात्र एवढा क्रेट हाताने डोक्यापर्यंत चढवू नये. पॅलेटवर जायचं ठरलं तर क्रेट त्या मापाचे घ्या, हाताने थप्पी मारायची असेल तर तुमचे आहेत तेच योग्य.

आता कांदा. तोच क्रेट, तेवढाच भरला तर कांदा सुमारे २२ किलो बसतो, कारण त्याचा ढीग हलका असतो. ३,३६० क्रेटचे ७४ टन होतात. पण वजनातला हा फरक किरकोळ आहे, खरी अडचण ओलाव्याची आहे. बटाट्याला ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते, नाहीतर तो सुकतो आणि सुरकुततो. खायच्या आणि बियाण्याच्या बटाट्याला तापमान २ ते ४ अंश. कांद्याला ० ते २ अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्केच. दोन्ही एका चेंबरमध्ये चालत नाहीत. बटाट्याच्या चेंबरमध्ये कांदा ठेवलात तर काही आठवड्यांत बुडाच्या चकतीतून पांढरी मुळं फुटलेली दिसतात आणि मानेशी बुरशी धरते. शिवाय कांद्याच्या चेंबरला कूलर आणि नियंत्रण वेगळ्या विचाराने निवडावं लागतं, कारण हवा कोरडी ठेवायची असते. म्हणून ‘आज बटाटा, उद्या कांदा’ असं ठरवायचं असेल तर ते मशिनरीची ऑर्डर देण्याआधी सांगा.

कांदा आत घेण्याआधी मान पूर्ण वाळलेली हवी. बाहेर काढतानाही काळजी लागते. दमट हवेत शून्य अंशाचा कांदा तसाच बाहेर आणला तर सालीवर पाणी सुटतं, मग तो पोत्यात टिकत नाही आणि कोंबही लवकर येतो. हळूहळू, कोरड्या हवेत त्याला बाहेरच्या तापमानाला आणावं लागतं, आणि त्यासाठी चेंबरबाहेर जागा लागते. नाशिककडचा उन्हाळ कांदा चाळीत राहतो, तो वेगळ्या तत्त्वावर, उबदार पण वाहत्या हवेत. चाळीच्या सवयीने शीतगृहात थप्प्या लावू नका.

शेवटी, जागा आहे म्हणून ८४ टन एका झटक्यात आत नेता येणार नाहीत. शेतातून आलेला बटाटा उन्हाळ्यात तीस अंशांच्या आसपास असतो, त्याची उष्णता मशीनला ओढायची असते. बटाट्याच्या चेंबरमध्ये मी रोज एकूण क्षमतेच्या चार-पाच टक्क्यांपेक्षा जास्त माल आत घेत नाही. तुमच्याकडे ते साधारण ४ टन, म्हणजे १६० क्रेट रोज, आणि चेंबर भरायला तीन आठवडे. काढणी दहा दिवसांत उरकत असेल तर कूलर आणि कंप्रेसर मोठे घ्यावे लागतील किंवा माल आधी सावलीत थंड करून, खरचटलेल्या सालीला बरं व्हायला वेळ देऊन टप्प्याटप्प्याने आणावा लागेल. ठेकेदाराला ‘रोज किती टन माल, किती अंशांचा, किती तासांत थंड होईल’ हे लेखी विचारा.

आणि पैसे देण्याआधी एवढं करून घ्या. पॅनेल उभे राहिले, फरशी झाली, माळा अजून आलेला नाही, अशा दिवशी खडूने फरशीवर वाटा आखा, भिंतीपासूनचे २०० आणि ३०० मारा, आणि तुमचेच रिकामे क्रेट आणून एक पूर्ण रांग, २५ क्रेट, लावून बघा. त्यात २५ ऐवजी २४ बसले तर सगळ्या दहा रांगांत एक-एक थप्पी गेली, म्हणजे साडेतीन टन. ते कमी व्हायचे असतील तर खांब रोवण्याआधी कळलेले बरे.